हुनैनचे जोडे आणि आमचं धुपाटणं

शारजात मी एका वाहतूक कंपनीच्या हिशेब खात्यात बरीच वर्षं काढली. माझ्या शेजारच्या टेबलावर एक इजिप्शियन हिशेबनीस बसायचे. वयाने माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे. त्यांना सगळे 'उस्ताझ' म्हणायचे, मीही 'या उस्ताझ' म्हणूनच हाक मारायचो. आमच्याकडे गुरुजींना किंवा एखाद्या जाणत्या माणसाला जसं 'सर' किंवा 'अण्णा' म्हणतात, त्यातलंच हे.

एके दिवशी आमचा मंदूब दुपारी अडीचला घामाघूम होऊन परत आला. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. व्हिसा, परवाने, शिक्के यांसाठी दिवसभर खिडक्यांसमोर उभं राहणं हे त्याचं काम. सकाळी सातला गेला होता आणि एका कागदावर भाषांतराचा शिक्का नाही म्हणून सगळी फाईल तशीच परत घेऊन आला होता. उस्ताझनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रजअ बिखुफ्फै हुनैन."

मंदूब हसला. तो केरळचा होता, पण पंचवीस वर्षं तिथे राहून त्याला अरबी मुरलं होतं. मला मात्र शब्द कळले आणि अर्थ कळला नाही. 'रजअ' म्हणजे परतला. 'खुफ्फ' म्हणजे घोट्याच्या वरपर्यंत येणारा मऊ चामड्याचा जोडा. हुनैन हे माणसाचं नाव. 'हुनैनचे दोन जोडे घेऊन परतला.' पण मंदूबच्या हातात तर फाईल होती.

उस्ताझनी काम बाजूला ठेवून गोष्ट सांगितली. हुनैन हा हीरा नगरीतला चांभार. हीरा म्हणजे आजच्या इराकातलं, कूफ्याजवळचं इस्लामपूर्व काळातलं अरबी राजांचं गाव. त्याच्या दुकानी एक बदाऊनी आला. वाळवंटातला माणूस, उंटावर सामान लादलेलं. त्याने एका जोडाचा भाव करायला सुरुवात केली. घासाघीस इतकी लांबली की हुनैन वैतागला, आणि शेवटी तो माणूस न घेताच निघून गेला. हुनैनने तो जोड उचलला, आडवाटेने पुढे गेला आणि बदाऊनीच्या रस्त्यावर एक जोडा टाकला. बऱ्याच अंतरावर पुढे दुसरा टाकला आणि तिथेच लपून बसला. बदाऊनीला पहिला जोडा दिसला. "अरे, हा तर हुनैनच्या जोड्यासारखाच! जोडीचा असता तर उचलला असता," असं म्हणून तो पुढे गेला. पुढे दुसरा दिसला. आता त्याला हळहळ वाटली. उंट तिथेच बांधून तो पहिला जोडा आणायला पायी मागे गेला. हुनैन लपला होता तिथून उठला आणि सामानासकट उंट घेऊन पसार झाला. बदाऊनी आपल्या वस्तीवर परतला तेव्हा लोकांनी विचारलं, "प्रवासातून काय आणलंस?" तो म्हणाला, "हुनैनचे दोन जोडे."

मी लगेच म्हणालो, "आमच्याकडे हेच आहे. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं." आणि मोठ्या उत्साहाने धुपाटण्याची गोष्ट सांगायला लागलो. मला ती आजीने सांगितली होती. धुपाटणं वरून वाटीसारखं खोलगट असतं आणि त्याची बैठकही खालून पोकळ असते. एक भोळा माणूस तेच घेऊन वाण्याकडे गेला. वरच्या वाटीत तेल घेतलं. मग तूप घ्यायचं म्हणून धुपाटणं उलटं केलं आणि बैठकीच्या पोकळीत तूप घेतलं. तेल तिथेच सांडलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तूप दिसतंय, तेल कुठाय?" "हे काय!" म्हणून त्याने धुपाटणं पुन्हा सुलटं केलं.

उस्ताझना गोष्ट फार आवडली. त्यांनी मला धुपाटण्याचं चित्र काढायला लावलं. पण मग त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नाने माझी पुढची कितीतरी वर्षं कामाला लावली. ते म्हणाले, "आपल्या मंदूबचं काय सांडलं? सकाळी गेला तेव्हा फाईल होती, आत्ताही आहे. तुमची म्हण त्याला लागेल का?"

लागत नव्हती. आपली म्हण दोन गोष्टी हातातून गेल्यावर वापरायची. दोन्ही घरी जेवायला जाईन म्हणणारा दोन्हीकडून उपाशी राहिला, दोन नोकऱ्यांत घोळ घालणाऱ्याच्या दोन्ही गेल्या, अशा वेळी ती चपखल बसते. हुनैनच्या गोष्टीत बदाऊनीचा उंट गेला हे खरं, पण बोलण्यात ते नुकसान आता उरलेलं नाही. नोकरीच्या मुलाखतीहून नुसताच परत आलेला, बोलणी करायला गेलेला आणि ठराव न होता परतलेला मंत्री, सामना हरून आलेला संघ, या सगळ्यांना अरबी वर्तमानपत्रं हुनैनचे जोडे देतात. त्यामुळे आमच्या मंदूबला मराठीत म्हणायचं तर साधं 'हात हलवत परत आला' हेच खरं. गोष्ट जुळते धुपाटण्याशी आणि वापर जुळतो हलणाऱ्या हाताशी.

उस्ताझनी मला दोन शब्द दिले. अरबी पंडित म्हणीकडे पाहताना दोन गोष्टी वेगळ्या करतात, मौरिद आणि मद्रिब. मौरिद म्हणजे मुळात पाणवठा, जिथे जनावरं पाण्यावर येतात ती जागा. म्हण पहिल्यांदा ज्या प्रसंगी बोलली गेली तो तिचा मौरिद. मद्रिब हा शब्द 'दरब' म्हणजे मारणे, ठोकणे यावरून आला. अरबीत म्हण 'सांगत' नाहीत, 'मारतात', नाणं पाडावं तशी. ज्या प्रसंगावर ती आज मारली जाते तो तिचा मद्रिब. आपल्याकडे म्हण हा शब्दच म्हणण्यावरून आला. 'लोक असं म्हणतात' एवढंच त्यात आहे. अरबीत म्हणीला 'मथल' म्हणतात आणि त्याचा अर्थ सारखेपणा, उपमा. उर्दूतला 'मिसाल' त्याच कुळातला. दोन प्रसंग सारखे आहेत असा दावा त्या शब्दातच आहे, म्हणून तर दोन्ही प्रसंग तपासावे लागतात.

त्या संध्याकाळी मी एक दोनशे पानी वही आणली. हिशेबनीसाची सवय, म्हणून रकाने आखले. पहिला अरबी म्हणीचा, दुसरा शब्दशः अर्थाचा, तिसरा कोण कुणाला कधी म्हणतं याचा, आणि चौथा मराठीचा. तिसरा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो हे पहिल्याच महिन्यात कळलं, कारण त्याला कोशाचा उपयोग नसतो. कान देऊन बसावं लागतं.

काही ओळी मात्र क्षणात भरल्या. 'अला अद्द लिहाफक मिद्द रिगलेक', तुझ्या लिहाफाएवढेच पाय पसर. लिहाफ म्हणजे रजई. आपलं 'अंथरूण पाहून पाय पसरावे' याच्याशी तंतोतंत, कर्जाच्या गोष्टी निघाल्या की तिथेही हेच ऐकू येतं. फरक एवढाच की आपण खालचं अंथरूण मोजतो आणि ते वरचं पांघरूण मोजतात. आपले पाय बाहेर गेले तर जमिनीला लागतील, त्यांचे गेले तर थंडीने गारठतील. 'योम असल, योम बसल', एक दिवस मधाचा, एक दिवस कांद्याचा. समोर मी लिहिलं, 'कधी तुपाशी, कधी उपाशी.' यमकासकट जुळलं. महिनाअखेरीला पगार लांबला की आमच्या ऑफिसात ती हमखास निघायची. 'दरबनी व बका, सबकनी वश्तका', मला मारलं आणि स्वतःच रडला, माझ्या आधी धावत जाऊन तक्रार केली. आपल्या 'चोराच्या उलट्या बोंबा' त्यापुढे लिहिल्यावर मला काहीच खोडावं लागलं नाही.

खोडावं लागलं ते पुढच्या एका म्हणीसमोर, आणि तीनदा. 'अस्-सैफ दय्यअतिल-लबन.' उन्हाळ्यात तू दूध गमावलंस.

ही मी पहिल्यांदा ऐकली ती फोनवर. आमच्या गोदामातल्या एका तरुणाने चांगली नोकरी सोडली होती, जास्त पगाराच्या आशेने. ती नवी जागा सहा महिन्यांत बंद पडली आणि तो जुन्या जागेसाठी विचारत होता. उस्ताझ त्याला समजावत होते, आणि मधेच हे वाक्य आलं. मला खटकलं ते व्याकरण. अरबीत 'तू'ची क्रियापदं पुरुषासाठी वेगळी आणि बाईसाठी वेगळी. पुरुषाला 'दय्यअत' म्हणायला हवं. उस्ताझ स्पष्ट 'दय्यअति' म्हणाले, म्हणजे 'तू, बाई, गमावलंस.' मला वाटलं, ते त्या मुलाला टोमणा मारताहेत.

तसं नव्हतं. ही म्हण पहिल्यांदा एका बाईला उद्देशून बोलली गेली आणि म्हणी बदलायच्या नाहीत असा अरबी भाषेचा दंडक आहे. समोर पुरुष असो, दोघं असोत, सगळी सभा असो, क्रियापद त्या एका बाईचंच राहतं. त्या बाईचं नाव दख्तनूस. लकीत नावाच्या तमीम टोळीतल्या सरदाराची ती मुलगी. तिचं लग्न अम्र बिन उदुस या श्रीमंत पण म्हाताऱ्या माणसाशी झालं होतं. तिला तो नको होता. तिने काडीमोड मागितला, त्याने दिला. तेव्हा उन्हाळा होता. मग तिने एका देखण्या, तरुण पण गरीब माणसाशी लग्न केलं. पुढे दुष्काळ पडला. घरात दूध नाही. तिने जुन्या नवऱ्याकडे निरोप पाठवला, दुभत्या जनावराचं काही होईल का? अम्रने उत्तर पाठवलं, उन्हाळ्यातच तू दूध गमावलंस.

मी चौथ्या रकान्यात आधी लिहिलं, 'बैल गेला आणि झोपा केला.' या म्हणीतही एक जुना शब्द असाच अडकून राहिलेला आहे. झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाला लावायचं काट्याकुट्यांचं दार. आता तो शब्द बोलण्यातून गेलाय, त्यामुळे शहरातली मुलं बैल गेल्यावर कोणीतरी झोपला असं समजतात. म्हणीने शब्द जपला आणि अर्थ हरवला, तसं अरबीने क्रियापदाचं बाईपण जपलं. पण जुळतं तेवढंच. बैलवाल्याने हलगर्जी केली, चूक कळल्यावर दार लावलं. दख्तनूसने हलगर्जी केली नव्हती. तिने ठरवून, डोळे उघडे ठेवून सोडलं होतं. म्हणून खोडलं. मग लिहिलं, 'हातचं सोडून पळत्याच्या पाठी.' हे पुष्कळ जवळ आलं. नोकरी सोडलेल्या मुलाला हे नेमकं लागलं असतं. पण आपली म्हण माणूस धावत असताना त्याला थांबवायला म्हणतात, 'अरे, असं करू नकोस.' अरबी म्हण तो रिकाम्या हाताने दारात उभा राहिल्यावर ऐकवतात. वेळ चुकते. तिसऱ्यांदा 'वरातीमागून घोडं' लिहिलं आणि त्याच दिवशी खोडलं, कारण त्यात पश्चात्ताप नाही, नुसता उशीर आहे. शेवटी मी 'हातचं सोडून' पुन्हा लिहिलं आणि पुढे 'पण सगळं होऊन गेल्यावर' असं जोडलं.

एके दुपारी उस्ताझनी ही गोष्ट पुढे नेली. म्हणाले, लोक अर्धीच सांगतात. अम्रचा निरोप आला तेव्हा दख्तनूसने आपल्या तरुण नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हाझा व मझ्कुहू खैर." हा, आणि याचं पाणी घातलेलं दूध, हेच बरं. 'मझ्क' म्हणजे पाणी मिसळून वाढवलेलं पातळ दूध, गरिबाच्या घरचं. हे वाक्यही म्हण होऊन बसलं. श्रीमंती नाकारून आपल्या थोडक्यावर समाधान मानणाऱ्याच्या तोंडी ते येतं.

मला हे ऐकून इतकं बरं वाटलं! हजाराहून जास्त वर्षं त्या बाईला टोमणा मारणारी म्हण सगळ्यांच्या तोंडी राहिली, आणि तरी ज्यांनी ती नोंदवली त्यांनी तिचं उत्तरही सोडलं नाही. निशापूरचा अल-मैदानी हा म्हणींचा मोठा संग्राहक, ११२४ साली वारला. त्याच्या ग्रंथात ४७०० च्या वर म्हणी आहेत, पहिल्या अक्षराच्या क्रमाने लावलेल्या, आणि बहुतेकींखाली मौरिद दिलेला. उन्हाळ्याच्या दुधाखाली त्याने पाणचट दुधाचीही गोष्ट दिली आहे. दुसऱ्या वाक्यासमोर मराठी लिहायला मला क्षणही लागला नाही. आजी म्हणायची ती 'आपली मीठभाकर बरी.' आजीला माहेरच्या श्रीमंतीची कुणी आठवण करून दिली की ती हेच म्हणायची आणि पदर खोचून चुलीकडे वळायची. तिच्याही बोलण्यात तो खांद्यावरचा हात होता असं मला वाटतं.

वहीत एक पान असं आहे की तिथे मी लाल पेनने खूण केली आहे. इजिप्तची एक लाडकी म्हण, 'इल-इर्द फी एन उम्मू गझाल.' आईच्या डोळ्यांना माकडही हरिण दिसतं. हरिण, गझाल, हे अरबीत सौंदर्याचं परिमाण. मी समोर बेधडक लिहिलं होतं, 'आपला तो बाब्या.' आणि म्हण पाठ झाली म्हणून वापरायची घाई झाली.

आमच्या मालवाहतूक विभागात एक सिरियन गृहस्थ होते. त्यांनी एकदा मोबाइलवर आपल्या तीन वर्षांच्या मुलीचा फोटो दाखवला. तिच्या आईनेच काढलेला, फ्रॉकवर भलामोठा फुलांचा गजरा. मी कौतुकाने, हसत, ती म्हण म्हणालो. मला म्हणायचं होतं, आईच्या डोळ्यांनी काढलाय, म्हणून इतका सुंदर आलाय. त्यांचं हसू विरलं. त्यांनी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला आणि बिल्टीचे कागद ओढून घेतले. मी त्यांच्या मुलीला माकड म्हणालो होतो.

उस्ताझ मला खाली कडक चहाच्या टपरीवर घेऊन गेले. रागावले नाहीत. त्यांनी समजावलं की ही म्हण आई स्वतःच्या पोराबद्दल लाडाने म्हणू शकते, किंवा तो माणूस समोर नसताना दुसरे म्हणतात. बापाच्या तोंडावर परक्याने कधीच नाही. लेकराचा फोटो दाखवला तर एकच बोलायचं, "माशाल्लाह." देवाने इच्छिलं तसं झालं. ते कौतुकही आहे आणि दृष्ट लागू नये म्हणूनही आहे. आपल्याकडे आजी 'दृष्ट लागण्याजोगं' म्हणते आणि लगेच बोटं मोडते, ते दोन्ही त्या एका शब्दात येतं.

मी वर गेलो आणि उस्ताझनी शिकवलेलं वाक्य म्हणालो, "हक्कक अलय्य." तुझा हक्क माझ्यावर. म्हणजे तुझं देणं मी लागतो, चूक माझी. 'हक्क' हा शब्द मराठीत येऊन किती शतकं झाली, आपण तो सातबाऱ्यावर आणि मोर्च्यांत वापरतो, पण माफीसाठी कधी वापरलेला मी ऐकला नव्हता. त्या वेळी तो माझ्या तोंडून माझ्याच भाषेतल्यासारखा आला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, "वला यहिम्मक." मनाला लावून घेऊ नकोस. आणि मोबाइल सुलटा केला.

नंतर विचार करताना ध्यानात आलं की 'आपला तो बाब्या' हाही चौथ्या रकान्यात चुकीचाच बसला होता. आपल्या म्हणीला दुसरं अंग आहे, 'दुसऱ्याचं ते कार्टं'. त्या अंगाशिवाय ती लंगडी. तिचा राग पक्षपातावर आहे. साहेबाने आपल्या भाच्याची चूक पोटात घातली आणि दुसऱ्याला मेमो दिला तर आपण बाब्या काढतो. अरबी म्हणीत दुसऱ्याचं पोर कुठेच नाही. तिथे एक आई आहे, एक माकड आहे आणि तिची नजर आहे. साहेबाच्या भाच्यावर ती मारता येत नाही. शब्दाचं शब्दाशी जुळत नव्हतंच, पण मला वाटलं होतं निदान भाव जुळतो. भावही पुरता जुळत नव्हता.

'मवाईद उर्कूब', उर्कूबचे वायदे, हे मात्र मी स्वतः भोगून शिकलो. भाड्याच्या घराची अनामत रक्कम परत मिळायची होती. मालक दर वेळी गोड बोलायचा. रंगकाम होऊ दे, वीज-पाण्याचं बिल येऊ दे, सही करणारा सुट्टीवरून येऊ दे. उस्ताझना सांगितलं तर त्यांनी एवढे दोनच शब्द उच्चारले. उर्कूबकडे त्याचा भाऊ काही मागायला आला. उर्कूब म्हणाला, या खजुरीला तुरे आले की ते तुझे. तुरे आले, तर म्हणाला, कच्ची फळं धरू देत. ती धरली, तर रंगू देत. रंगली, तर मऊ रुतब होऊ देत. रुतब झाली, तर वाळून तमर होऊ देत. तमर झाली त्या रात्री उर्कूबने गुपचूप घड उतरवले आणि भावाला काहीच दिलं नाही. खजुराच्या प्रत्येक अवस्थेला अरबीत वेगळं नाव आहे, म्हणून ही टाळाटाळ पाच पायऱ्यांची होऊ शकली. आमच्या रस्त्याच्या दुभाजकावर खजुरीच होत्या. उन्हाळाभर मी त्यांचे घड हिरव्याचे पिवळे आणि पिवळ्याचे तपकिरी होताना पाहिले, आणि माझी अनामत काही आली नाही. 'बोलाचीच कढी, बोलाचाच भात' मी लिहिलं खरं. पण तुकोबांच्या त्या वचनात नुसत्या शब्दांनी पोट भरत नाही एवढंच आहे. इथे दर वेळी नवी तारीख आहे आणि शेवटी वाटाण्याच्या अक्षता. दोन्ही मिळून उर्कूब होतो.

वहीच्या मागच्या बाजूने मी म्हणींपेक्षा लहान गोष्टी लिहायचो, रोजचे ठरलेले बोल. काम सांगितलं की आमचे अमिराती साहेब तर्जनी नाकाच्या शेंड्याला लावून म्हणत, "अला हल-खश्म." या नाकावर. म्हणजे काम झालंच समजा. लेबननच्या बाई हेच 'अला रासी', माझ्या डोक्यावर, किंवा 'मिन उयूनी', माझ्या डोळ्यांतून, म्हणत. डोक्याचं कळतं, आपल्याकडे 'शिरसावंद्य' आहे. नाकाचं कळायला आखाताकडचा नमस्कार पाहावा लागतो. दोन माणसं नाकाला नाक लावतात. मानाची जागा तीच, म्हणून शब्दही तिथेच ठेवतात. आपलंही नाक मानाचंच, पण आपण ते कापतो, ठेचतो, घासायला लावतो. नाकावर कुणाचं काम घेतल्याचं मराठीत मला सापडलं नाही.

त्याच लेबननच्या बाई रोज दुपारी शाळेतून आलेल्या मुलाशी फोनवर बोलत आणि शेवटी म्हणत, "तुउबुर्नी." अर्थ लिहिताना माझा हात थांबला होता, तू मला पुरावंस. तुझ्या आधी मी जावं, तुझं मरण माझ्या डोळ्यांना दिसू नये, एवढी माया त्यात आहे. आणि तो शब्द त्या 'जेवलास का, गृहपाठ झाला का' याच्या ओळीत सहज येत असे. माझी आई मी तापाने फणफणलो की डोक्यावरून हात फिरवत म्हणायची, "माझं आयुष्य तुला लागो." तो रकाना मी खोडला नाही, पुढे काही जोडलंही नाही.

एक ओळ मात्र अजून कोरी आहे. कुणी केस कापून आलं, किंवा न्हाऊन ओल्या केसांनी बाहेर आलं, की अरबीत म्हणतात, "नईमन." सुखाचं होवो, एवढंच. त्याने उत्तर द्यायचं, "अल्लाह युनइम अलैक." तुलाही देव सुख देवो. शारजात मी केस कापून गल्लीच्या तोंडाशी आलो की रोटीच्या भट्टीवाला, किराणावाला, इमारतीचा राखणदार सगळे एकामागून एक हे म्हणायचे, आणि मी जिना चढेपर्यंत चार-पाच वेळा उत्तर दिलेलं असायचं. मी चौथ्या रकान्यासाठी पुष्कळ शोधलं. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर आई ओवाळते, ते जवळचं आहे. पण ते वर्षातून एकदा आणि त्यात शब्द नाही, निरांजन आहे.

गेल्या महिन्यात इथे सांगलीला माझा नातू न्हाव्याकडून आला, मान एकदम उघडी, कानामागे बारीक केस चिकटलेले. मी "नईमन" म्हणालो. "म्हणजे काय, आजोबा?" त्याने विचारलं. मी त्याला अर्थ सांगितला आणि उत्तर काय द्यायचं तेही शिकवलं. आता तो अंघोळ करून आला की टॉवेल गुंडाळलेला तसाच माझ्या खुर्चीसमोर येऊन उभा राहतो आणि मी म्हणायची वाट बघतो.